‘अगदी’, ‘एक वेगळीच’ आणि आजीचं ‘सांगून दिलं’

*मी इंदूरची, वय एकसष्ट, बँकेतून रिटायर. तीन वर्षांत रामबागेतल्या आमच्या वाड्यावर, आजीवर, शाळेवर बावीस लेख लिहिलेत, आता त्यांचं छोटंसं पुस्तक करायचंय म्हणून परत लिहायला बसलेय. पुण्याच्या भाचीने चार लेख तपासून दिले. वाचले तर स्वच्छ झाले होते पण माझे राहिले नव्हते. स्वतः हात लावते तर कधी सगळंच पुसून टाकते, कधी काहीच हलवत नाही. मैत्रीण म्हणते आपल्या सवयींचा, लाडक्या शब्दांचा एक कागद करून ठेव, स्टाइल शीट, आणि तो बघून दुरुस्ती कर. मला भीती वाटते की असा नियमांचा कागद केला तर लिखाण साच्यातलं होईल. आणि आपल्या सवयी आपल्याला दिसतात तरी कुठे? चारही लेख पाठवतेय, मूळ आणि तपासलेले. — रामबागची एक वाचक*

ताई, चारही लेख मी शेजारी शेजारी ठेवून वाचले, डावीकडे तुमचा आणि उजवीकडे भाचीचा, आणि आधी हे सांगते की भाचीचं काम चांगलं आहे. तिने ऱ्हस्व-दीर्घ नीट केलंय, दोन ठिकाणी तुमचं साल चुकलं होतं ते पकडलंय, लांबत गेलेली वाक्यं तोडलीयत. तिच्याकडे फक्त एक माहिती नव्हती, की यातलं काय तुम्ही मुद्दाम ठेवलंय, काय सवयीने आलंय आणि काय घाईत पडलंय. ती माहिती तिला मिळणार कुठून, ती तुमच्याकडेही कुठे लिहिलेली नाहीये. मैत्रीण ज्या कागदाबद्दल बोलतेय त्यावर नेमकी हीच माहिती असते. त्याला तुम्ही ‘नियमांचा कागद’ म्हटलंत तिथे मी थोडी थांबले, कारण नियम सगळ्यांना सारखे असतात आणि हा कागद जगात एकाच माणसाच्या कामाचा असतो.

पुस्तकं तपासणारे लोकसुद्धा स्टाइल शीट करतात पण तो वेगळा. त्यात ‘मॉं की माँ’, आकडे अक्षरी की अंकी, वाड्यातल्या माणसांची नावं कशी लिहायची असले निर्णय असतात, म्हणजे पान बारावर एक आणि पान नव्वदवर दुसरं असं होऊ नये. तो तुम्हाला लागेलच पण तो भाची करेल. तुमचा कागद तुम्ही वाक्यं कशी बांधता त्याचा, आणि तो दुसरं कुणी करू शकत नाही.

दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात लपलीय ती म्हणजे आपला आवाज आपल्या लाडक्या शब्दांत असतो ही समजूत. म्हणून तर शब्द काढले की आवाज गेला असं वाटतं आणि आवाज वाचवायचा म्हणून एकही शब्द हलत नाही. अमेरिकेत फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली एक अभ्यास छापला, अठराव्या शतकातल्या राजकीय निबंधांवर, त्यातले बारा निबंध हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन अमेरिकी नेत्यांपैकी कुणाचे हा जुना वाद होता. दोघंही त्या काळच्या एकाच घाटात लिहायचे, मोठे भारदस्त शब्द दोघांचे सारखेच, त्यावरून काही कळेना. कळलं ते बारक्या शब्दांवरून. इंग्रजीत ‘वर’ या अर्थी एक ‘अपॉन’ शब्द आहे तो हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा आणि मॅडिसन जवळजवळ नाहीच. ‘असताना’ या अर्थाचा शब्दसुद्धा एक ‘व्हाइल’ लिहायचा, दुसरा ‘व्हिल्स्ट’. लिहिताना या शब्दांकडे दोघांचंही लक्ष नसणार, आणि ओळख तिथेच उमटलेली. तर ताई, जे शब्द तुम्हाला ‘हे माझे’ म्हणून आठवतात त्यांच्यापेक्षा जे आठवतच नाहीत ते शोधायचेत, आणि म्हणून ते नुसतं वाचून दिसत नाहीत, मोजावे लागतात.

मोजायचं कसं ते सांगते. बावीसच्या बावीस लेख घेऊ नका, थकाल. तुम्हाला स्वतःला आवडणारे दोन घ्या, ज्यात काहीतरी बसलं नाही असं वाटतं तो एक घ्या, आणि एक असा मजकूर घ्या जो छापायला लिहिलाच नव्हता, बहिणीला पाठवलेलं लांब पत्र किंवा व्हॉट्सॲपवर प्रवासाहून लिहिलेला मोठा मेसेज. हा चौथा महत्त्वाचा, कारण जी सवय लेखातही आहे आणि बहिणीच्या पत्रातही आहे ती खरोखर तुमची, आणि जी फक्त लेखात आहे ती बहुतेक ‘लेख म्हटलं की असं लिहितात’ म्हणून कुठूनतरी आलेली. सगळं मिळून चार-पाच हजार शब्द झाले की पुरे. आणि मूळ लेख घ्या, तपासलेले नाही.

प्रिंट काढा, ओळींमध्ये जागा सोडून. एक दिवस फक्त मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडते किंवा ‘हे मघाशी येऊन गेलं’ असं वाटतं तिथे पेन्सिलने टिंब द्या, विचार करू नका. दुसऱ्या दिवशी टिंबं बघा, शब्द वर येतात. मग ते कॉम्प्युटरवर शोधून मोजा, Ctrl+F करून. मराठीत यात तीन-चार अडचणी येतात त्या आधीच सांगते म्हणजे वैतागणार नाही. ‘पण’ शोधलं तर ‘आपण’, ‘मोठेपण’, ‘लहानपणी’ सगळं येतं, म्हणून आधी एक स्पेस, मग पण, मग एक स्पेस असं टाइप करायचं, तरी परिच्छेदाच्या सुरुवातीचे आणि स्वल्पविरामाआधीचे सुटतात ते डोळ्यांनी धरायचे. शब्दाला चिकटलेला ‘च’ मोजायचा तर ‘च’ आणि स्पेस शोधायचं, त्यात ‘पाच’ आणि ‘काच’ येतील ते वजा. आणि जुने लेख कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेले असतील, आपल्याकडे टायपिंगवाले अजून त्यातच देतात, तर शोध चालणारच नाही कारण स्क्रीनवर देवनागरी दिसली तरी आत इंग्रजी अक्षरं असतात. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा तपासा, तिथेच गडबड होते.

नुसता आकडा फसवतो हेही लक्षात ठेवा. ‘आणि’ सगळ्यांचंच जास्त येतं, त्याला सवय म्हणत नाहीत. म्हणून त्याच जातीचं दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण घ्यायचं, एखाद्या दिवाळी अंकातले दोन आठवणींचे लेख चालतील, आणि तोच शब्द तिथे मोजायचा. तुमच्या चार लेखांत मिळून साधारण ४,६०० शब्द आहेत आणि ‘अगदी’ ४१ वेळा आलंय, म्हणजे हजाराला नऊ. माझ्या स्वतःच्या चार लेखांत मी मोजलं तर हजाराला दोन निघालं. ‘अगदी’ तुमची सवय आहे हे आता नक्की. उलट ‘मग’ तुम्हाला खटकत होतं, लेखाच्या मार्जिनमध्ये तुम्हीच लिहिलंय ‘मग फार झालं’, ते मोजलं तर दोघींचं सारखंच आहे, आठवणी सांगताना मग येणारच, त्याला हात लावायची गरज नाही.

आता शब्दांपेक्षा मोठी गोष्ट, वाक्याची ठेवण. तुमच्याच दुसऱ्या लेखातला हा तुकडा घेते, तुमच्या परवानगीने:

> आजी पहाटे चारला उठायची. अगदी थंडीतसुद्धा. चौकातल्या नळाला पाणी साडेचारला यायचं, म्हणून ती आधी बादल्या लावून ठेवायची, मग बंब पेटवायची, मग आम्हाला हाका मारायची. खरंच, त्या हाकेत एक वेगळीच माया असायची... एकदा नळच आला नाही. आजीने सरळ शेजारच्या काकूंना सांगून दिलं, ‘आज माझी पोरं तुमच्या विहिरीवर.’ आम्ही वापस आलो तेव्हा आजी बंबापाशी बसून होती, अगदी गप्प. बस्स. तेवढंच आठवतं.

आणि भाचीने याचं हे केलंय:

> आजी पहाटे चार वाजता उठत असे. थंडीतही तिचा हा नेम चुकत नसे. साडेचारला चौकातील नळाला पाणी येत असे, त्यापूर्वी ती बादल्या लावून बंब पेटवत असे व आम्हाला हाका मारत असे. त्या हाकेत एक वेगळीच माया असे. एकदा नळाला पाणी आले नाही. आजीने शेजारच्या काकूंना तसे सांगितले. आम्ही परत आलो तेव्हा ती बंबाजवळ शांत बसली होती.

बघा काय गेलं आणि काय राहिलं. गेलं ते ‘सांगून दिलं’, ‘वापस’, आणि आजीचं ते वाक्य, ‘आज माझी पोरं तुमच्या विहिरीवर’, ज्यात विनंती नाहीये, निर्णय आहे. आजी तिथेच उभी होती, ती गेली. आणि राहिलं ते ‘एक वेगळीच माया’, जे कुठल्याही आजीबद्दल कुणीही लिहितं. भाचीने पुण्याच्या कानाला खटकेल ते काढलं आणि ज्याची सवय आहे ते ठेवलं, तिचा दोष नाही.

पण मूळ तुकड्यातही एक गोष्ट आहे जी भाचीलाही दिसली नाही, तिने फक्त तिचं रूप बदललं. उठायची, यायचं, ठेवायची, पेटवायची, मारायची, असायची. चार वाक्यांत सहा. आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकाला मराठीत हे होतं कारण रोज घडणारी गोष्ट सांगायला आपल्याकडे हाच काळ हाताशी आहे, आणि प्रत्येक वाक्य क्रियापदावरच संपत असल्यामुळे सगळ्या वाक्यांचं शेपूट एकसारखं वाजायला लागतं. ‘उठत असे, येत असे’ केलं की शेपूट बदलतं, वाजणं तसंच राहतं. हे शोधायला नुसतं ‘यच’ टाइप करा, करायची, यायचं, जायचे सगळी सापडतील, ‘मला जायचंय’ मधलंही सापडेल ते सोडा. तुमच्या आजीच्या लेखात हे ६३ वेळा आहे आणि शाळेच्या लेखात ११. म्हणून शाळेचा लेख पळतो आणि आजीचा तुम्हाला ‘बसला नाही’ असं वाटतं, कारण कळत नव्हतं एवढंच.

याला उपाय मराठीतच आहे. एकदा ‘उठायची’ म्हटलं की वाचकाला कळतं हे रोजचं आहे, पुढच्या प्रत्येक क्रियापदाने ते परत सांगायची गरज नाही. पुढे क्रियापद गाळता येतं, ‘नळाला पाणी साडेचारला’ एवढं बोलण्यात आपण म्हणतोच. नाहीतर ‘-ऊन’ लावून दोन-तीन कामं एका क्रियापदाखाली ओवता येतात. नाहीतर सरळ वर्तमानात जायचं, आजी उठते, बंब पेटवते. किंवा रोजचं सोडून एका दिवसावर यायचं, जसं तुम्ही ‘एकदा नळच आला नाही’ म्हणून आलात, आणि तिथून तुमचा तुकडा उभा राहिला.

परिच्छेदाचा शेवट ही तुमची दुसरी ठेवण. ‘बस्स. तेवढंच आठवतं.’ ‘इतकंच.’ ‘संपलं.’ चार लेखांत ३१ परिच्छेद आणि त्यातले १९ असे दोन-तीन शब्दांच्या तुकड्यावर संपतात. हे मला आवडतं हो, तुमचा श्वास आहे तो, बहिणीच्या पत्रातही असणार. पण एकोणीस वेळा दार आपटलं की दचकायला होत नाही. म्हणून ही सवय काढायची नाहीये, रेशन लावायचंय, एका लेखात दोनदा, आणि तेही जिथे त्या तुकड्याने आधी न सांगितलेलं काही सांगितलं तिथेच. ‘आजी बंबापाशी बसून होती, गप्प’ यानंतर ‘बस्स’ने नवीन काही कळत नाही.

सवय ठेवायची की काढायची हे ठरवायला मी एकच परीक्षा घेते, ती जागा झाकून वाक्य मोठ्याने वाचायचं. काही पडलं तर ती वस्तू काम करत होती. ‘नळच आला नाही’ मधला ‘च’ झाकून बघा, ‘नळ आला नाही’, बातमी राहिली पण पहाटे चारला वाट बघून बसलेल्या घराचा जीव गेला. आता ‘एक वेगळीच माया’ मधला ‘च’ झाका, काहीच होत नाही. म्हणून कागदावर ‘च कमी करा’ असं लिहून चालत नाही, कुठला च ते लिहावं लागतं.

आता इंदूरच्या मराठीचं. ‘सांगून दिलं’, ‘वापस’, ‘माहीत पडलं’, ‘कारण की’, हे सगळं तुमच्या लेखांत आहे, माझ्या घरातही रोज आहे, चार पिढ्या हिंदीत राहिल्यावर मराठीने अंगावर घेतलेलं ते. याबद्दल मला अगदी मनापासून वाटतं की ते चूक म्हणून पुसू नये, कारण रामबागेतला वाडा सदाशिव पेठेतल्या मराठीत सांगितला तर तो वाडा राहत नाही. पण सगळं सरसकट ठेवायचं म्हटलं तरी पंचाईत होते कारण यातही दोन प्रकार आहेत. ‘सांगून दिलं’ मध्ये एक तडकपणा आहे, विषय संपवणं आहे, तो ‘सांगितलं’ मध्ये येत नाही, तेव्हा तो ठेवायचा, निवेदनातसुद्धा. ‘वापस’ आणि ‘परत’ मध्ये अर्थाचा फरक नाही, पण ती लहान मुलं तेव्हा वापसच म्हणत असणार, म्हणून मुलांच्या नजरेने सांगता तिथे वापस आणि आजच्या तुमच्या विचारांत परत. ‘कारण की’ मात्र मी काढीन, त्यातला ‘की’ काही करत नाही आणि प्रत्येक पानावर आहे. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, असावाही, पण निर्णय झालेला असावा आणि तो लिहिलेला असावा. मी स्वतः एकदा छापायला देताना अशी सगळी रूपं पुसली होती, घरच्यांनी वाचून विचारलं हे कुणी लिहिलंय, आणि मला ती परत आणताना कुठे काय होतं ते आठवेना कारण मूळ प्रतही मी राखली नव्हती. मूळ प्रत जपा ताई, ही सगळ्यात आधीची गोष्ट.

तुमचा कागद मी भरणार नाही, पण पहिल्या पाच ओळी कशा दिसतील ते लिहून देते, बाकी तुम्ही:

> जोर देणारे शब्द (अगदी, खरंच, फारच, किती तरी): सगळे मिळून लेखात तीन. ‘अगदी गप्प’ नको, ‘गप्प’.
>
> -यची, -यचं: परिच्छेदात पहिलं एक. पुढे गाळा, ओवा किंवा एका दिवसावर या. ‘चौकातल्या नळाला पाणी साडेचारला.’
>
> परिच्छेदाच्या शेवटी तुकडा: लेखात दोन, नवीन काही सांगत असेल तरच. ‘त्या दिवसापासून विहीर आमची.’
>
> सांगून दिलं, ठेवून घेतलं, निघून पडलो: राहू द्या. कुणीही बदलू नये.
>
> माणसांची वाक्यं: जशी बोलली तशी, निवेदनात वळवायची नाहीत. ‘आज माझी पोरं तुमच्या विहिरीवर.’

प्रत्येक ओळीत तुमचंच एखादं वाक्य किंवा शब्द आहेत बघा. ‘वाक्यं लहान ठेवा’, ‘भावुक होऊ नका’ असं लिहिलेला कागद सहा महिन्यांनी हातात घेतला तर काही बोलत नाही, उदाहरण असलेली ओळ लगेच बोलते. आणि पहिल्या ओळीत शब्द एकटा नाही, कुटुंब आहे, ते मुद्दाम. नुसतं ‘अगदी काढा’ लिहिलं तर हात आपोआप ‘खूप’ लिहितो, मग ‘अत्यंत’, मोजून बघा तर जोर तेवढाच. काढायचा तो जोर. ओळी बारा-पंधराच्या वर नेऊ नका, एका पानात मावलं पाहिजे आणि ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवता आलं पाहिजे, माझं तिथेच असतं. वर तारीख घाला.

वापरायचा कधी, हे नीट सांगते कारण तुमची साच्याची भीती इथेच खरी होऊ शकते. पहिल्यांदा लिहिताना हा कागद बघायचाच नाही, ४१ काय ८० अगदी येऊ देत. लेख लिहून झाला की आठवडाभर ठेवा, मग पहिली दुरुस्ती मजकुराची करा, काय सांगायचं राहिलं, काय उगाच आलं, तेव्हाही कागद कपाटात. त्यानंतर कागद काढा आणि एका वाचनात एकच ओळ घ्या, या वाचनात फक्त ‘यच’, पुढच्यात फक्त परिच्छेदांचे शेवट. सगळ्या ओळी एकदम तपासायला गेलं की आपण वाचत नाही, झडती घेतो. आणि ‘सगळे बदला’ हे बटण कधी दाबू नका, अगदी काढताना आजीच्या तोंडचं अगदीसुद्धा निघून जातं आणि ते तिचं आहे, तुमचं नाही. कागद निवेदनाला लागू, दुसऱ्याच्या तोंडाला लागू नाही.

या पद्धतीने तुमचा तुकडा मी करून पाहिला. शब्द बहुतेक सगळे तुमचेच आहेत:

> आजी पहाटे चारला उठायची, थंडीतसुद्धा. चौकातल्या नळाला पाणी साडेचारला. त्याआधी बादल्या लावून, बंब पेटवून मग आम्हाला हाका. एकदा नळच आला नाही. आजीने सरळ शेजारच्या काकूंना सांगून दिलं, ‘आज माझी पोरं तुमच्या विहिरीवर.’ आम्ही वापस आलो तेव्हा आजी बंबापाशी बसून होती, गप्प.

‘माया’वालं वाक्य मी काढलं, आणि इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण कदाचित त्या हाकेत खरंच काहीतरी होतं जे तुम्हाला आठवतंय आणि ‘एक वेगळीच’ने ते झाकलं गेलंय. आजी काय म्हणून हाक मारायची? नाव घेऊन, की ‘उठा रे’ म्हणून, की बादलीवर कडी वाजवून? जिथे जिथे ‘एक वेगळीच’ किंवा ‘काहीतरी निराळंच’ येतं तिथे तुमच्याकडे खरी गोष्ट असते आणि घाईत ती लिहायची राहिलेली असते, चारही लेखांत मला हे दिसलं, नऊ जागा आहेत, मी खूण करून वापस पाठवतेय. म्हणून कागदावर ही ओळ ‘काढा’ म्हणून नको, ‘इथे थांबून आठवा’ म्हणून लिहा.

बिघडतंय हे कसं ओळखायचं तेही सांगून देते. कागद केल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीकधी उलटं होतं, ‘राहू द्या’मधल्या गोष्टी आपण मुद्दाम पेरायला लागतो. प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात एक ‘सांगून दिलं’ दिसायला लागलं, तिथे तडकपणाचं काही कारण नसतानाही, तर समजा पेरणी सुरू झाली. अशा वेळी ती ओळ कागदावरून महिनाभर खोडून ठेवायची, सवय खरी असेल तर कागदाशिवाय येते. आणि पाच-सहा लेखांनी एकदा परत मोजा, जी सवय आपोआप कमी झाली तिची ओळ काढून टाका, तिच्या जागी नवीन काही आलेलं असतंच. माझ्या पहिल्या कागदावरच्या चौदा ओळींतल्या आज पाच उरल्यात.

तुम्ही आजीच्या पत्रांतले उतारे वापरलेत त्याबद्दल एकच, ती पत्रं १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची दिसतात, ‘घरांत’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत, भाचीने ते काढलेत. उताऱ्यात ते असू द्यावेत असं मला वाटतं, तो तिचा हात आहे, आणि हा निर्णय भाचीच्या शीटमध्ये जाईल.

तर आता पाचवा लेख भाचीला पाठवाल तेव्हा सोबत हा कागद पाठवा, ‘राहू द्या’च्या ओळींना लाल खूण करून, आणि तिला लिहा की यांना हात लावू नकोस, बाकी जिथे ‘यच’ किंवा ‘अगदी’ दिसेल तिथे नुसतं टिंब दे, बदलू नकोस, बदल मावशी करेल. तिची नजर चांगली आहे, तिला काय शोधायचंय ते एकदा कळलं की ती तुमच्या आधी पकडेल. आणि विहिरीनंतर काय झालं तेही लिहा ना, त्या काकू काय म्हणाल्या ते लेखात कुठेच नाहीये.